रिक्वायरमेंट आणि वर्कफ्लोच्या स्लाइड्सवरून टेस्ट केसेस कशा काढायच्या

स्लाइड डेक हातात आला की बहुतेक टीम एकच गोष्ट करते. पहिली स्लाइड उघडायची, प्रत्येक मुद्द्यासाठी एक टेस्ट केस, प्रत्येक बाणासाठी एक टेस्ट केस, आणि शेवटच्या स्लाइडला काम संपलं. अशी यादी दिसायला भरगच्च असते, पण तिच्यातून बग फारसे सापडत नाहीत. स्लाइड बनवणाऱ्याने सगळं सुरळीत चाललं तर काय होईल तेवढंच काढलेलं असतं आणि डेव्हलपरनेही तीच स्लाइड बघून कोड लिहिलेला असतो. दोघांनी जे पाहिलं तेच तुम्ही तिसऱ्यांदा पाहता.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतलं आहे: रजेच्या अर्जाची प्रणाली. डेकमधल्या दोन स्लाइड्स महत्त्वाच्या आहेत. स्लाइड ३ वर हा मजकूर आहे:

- कर्मचारी रजेचा अर्ज सादर करू शकेल.
- ३ दिवसांपेक्षा जास्त रजेसाठी विभागप्रमुखाचीही मंजुरी लागेल.
- आजारपणाच्या रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडणे आवश्यक.
- व्यवस्थापकाने ४८ तासांत निर्णय न दिल्यास अर्ज विभागप्रमुखाकडे जाईल.
- मंजुरीनंतर रजेची शिल्लक अद्ययावत होईल व कर्मचाऱ्याला कळवले जाईल.

स्लाइड ५ वर वर्कफ्लोचं चित्र आहे. अर्ज व्यवस्थापकाकडे जातो, त्याने मंजूर केला की एक चौकट येते, «दिवस ≥ ३?». उत्तर हो असेल तर विभागप्रमुख, नाही तर थेट मंजूर. दोघांकडून नामंजुरीचे बाण निघतात आणि व्यवस्थापकाच्या टप्प्यावर रद्द करण्याचा एक बाण आहे.

## तयारी: मूळ फाइल मिळवा

पीडीएफवर काम सुरू करू नका. ॲनिमेशनने एकापाठोपाठ एक येणारे डबे पीडीएफमध्ये एकमेकांवर चढून बसतात आणि खालचा डबा झाकला जातो. वक्त्यासाठी लिहिलेल्या नोट्सही सहसा त्यात येत नाहीत. नेमके अपवाद बऱ्याचदा तिथेच लिहिलेले असतात, कारण स्लाइडवर जागा नव्हती.

`.pptx` मिळाली की आधी तिची प्रत करा आणि प्रतीवर तीन गोष्टी तपासा. डाव्या पट्टीत लपवलेल्या स्लाइड्स आहेत का, म्हणजे क्रमांकावर तिरकी रेघ आहे का, ते बघा. प्रत्येक स्लाइडच्या नोट्स वाचा. मग वर्कफ्लोच्या स्लाइडवर `Alt+F10` दाबून त्या स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी उघडा. झाकलेले आणि अदृश्य केलेले डबे तिथे दिसतात.

चित्रातले बाण खरोखर जोडलेले आहेत का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. एखादा डबा थोडा सरकवून बघा. जोडलेला बाण त्याच्याबरोबर येतो, नुसता टेकवलेला जागीच राहतो. जागीच राहिलेला बाण चुकीचाच असतो असं नाही, पण चित्र बदलताना मागे राहून गेलेले बाण असेच सापडतात. त्यांच्याबद्दल विचारून घ्या.

तपासा: फाइलचं नाव, तारीख आणि आवृत्ती टेस्ट केसच्या शीटमध्ये वर लिहिली का? ती नसेल तर महिन्याभराने नेमक्या कुठल्या डेकवरून हे लिहिलं होतं ते कोणालाच सांगता येणार नाही.

## टप्पा १: स्लाइडची वाक्यं फोडा

प्रत्येक मुद्दा अशा वाक्यांत फोडायचा की एका वाक्याचं उत्तर फक्त «झालं» किंवा «नाही झालं» असं देता यावं. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. `S3-05` म्हणजे स्लाइड ३ वरचं पाचवं वाक्य. चित्रातल्या बाणांना आणि चौकटींनाही क्रमांक हवेत. लोक मजकुराला क्रमांक देतात आणि चित्र तसंच सोडून देतात.

आपल्या उदाहरणातला शेवटचा मुद्दा फोडला तर दोन वाक्यं होतात: शिल्लक अद्ययावत होते (`S3-05`) आणि कर्मचाऱ्याला कळवलं जातं (`S3-06`). फोडलं नसतं तर एकाच टेस्ट केसमध्ये दोन्ही तपासलं गेलं असतं, मेल आला म्हणून ती पास झाली असती आणि शिल्लक कोणी बघितलीच नसती. «व», «आणि», «तसेच» हे शब्द दिसले की तिथे कात्री लावायची.

फोडताना वाक्य सुधारू नका. «आवश्यक» लिहिलं असेल तर «आवश्यक»च ठेवा, मनाने «अनिवार्य, नाहीतर एरर» असं करू नका. ती सुधारणा म्हणजे तुमचा अंदाज असतो, आणि शीटमध्ये उतरला की पुढचा माणूस त्याला रिक्वायरमेंट समजतो.

## टप्पा २: प्रश्नांची यादी, टेस्ट केसच्या आधी

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. टेस्ट केसेस लिहून झाल्यावर शंका विचारायच्या, असं चालतं. तोपर्यंत शंकेच्या जागी कोणीतरी स्वतःचं उत्तर भरून ठेवलेलं असतं.

मजकूर आणि चित्र शेजारी ठेवून वाचा. स्लाइड ३ म्हणते «३ दिवसांपेक्षा जास्त», स्लाइड ५ म्हणते «≥ ३». नेमक्या ३ दिवसांच्या रजेचं काय होणार याची दोन वेगळी उत्तरं एकाच डेकमध्ये आहेत. हे बिल्ड आल्यावर सापडलं तर बग आणि त्यावरचा वाद. आत्ता सापडलं तर एका ओळीचा प्रश्न.

मग प्रत्येक आकड्याला त्याचं एकक विचारा. ३ दिवस म्हणजे कामाचे की कॅलेंडरचे? अर्धा दिवस चालतो का? ४८ तास अर्ज सादर केल्यापासून मोजायचे का, आणि त्यात सुट्टीचे दिवस धरायचे का? «मंजुरीनंतर शिल्लक अद्ययावत होईल» यातली मंजुरी कोणाची, व्यवस्थापकाची की शेवटची?

शिल्लकेबद्दलचा हा प्रश्न पुढे नेला की खरी गंमत दिसते. कर्मचाऱ्याकडे ५ दिवस शिल्लक आहेत. त्याने ४ दिवसांचा एक अर्ज केला आणि तो प्रलंबित असतानाच वेगळ्या तारखांचा ४ दिवसांचा दुसरा अर्ज केला. शिल्लक मंजुरीनंतरच कमी होणार असेल, तर सादर करताना दोन्ही अर्जांना ५ दिवस दिसतात आणि दोन्ही आत जातात. दोन्ही मंजूर झाले तर शिल्लक उणे ३. स्लाइडवर यातलं एक अक्षर नाही. «मंजुरीनंतर» या एका शब्दामुळे हा प्रश्न उभा राहतो.

प्रश्न बिझनेस ॲनालिस्टला पाठवताना «३ दिवसांबद्दल स्पष्टता हवी» असं लिहू नका. त्याला उत्तर येतं «डेक बघा». असं लिहा: «नेमक्या ३ दिवसांची रजा विभागप्रमुखाकडे जाते का? `S3-02` नुसार नाही, `S5-03` नुसार हो. कोणतं बरोबर?» एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न त्याच दिवशी सुटतो. आपल्या उदाहरणात उत्तर आलं असं धरू: स्लाइड ३ बरोबर, दिवस कामाचे धरायचे, अर्धा दिवस चालत नाही.

सावधान: तोंडी मिळालेलं उत्तर शीटमध्ये तारखेसह नोंदवा आणि डेकमध्ये दुरुस्ती करून मागा. डेव्हलपर अजून जुनीच स्लाइड बघतोय.

## टप्पा ३: चित्राचा तक्ता करा

वर्कफ्लोच्या चित्रात जे आहे ते ठसठशीत दिसतं, जे नाही ते दिसतच नाही. तक्त्यात मात्र रिकामा चौकोन डोळ्यांत भरतो. म्हणून चित्रावरून थेट टेस्ट केस लिहायची नाही, मध्ये तक्ता करायचा.

उभ्या बाजूला अर्जाच्या स्थिती, आडव्या बाजूला घटना. चौकोनात त्या स्थितीत ती घटना घडली तर पुढची स्थिती कोणती, ते लिहायचं. सुरुवातीला फक्त स्लाइडवर आहे तेवढंच भरा. इथे ६ स्थिती आणि ५ घटना आहेत, म्हणजे ३० चौकोन. दोन्ही स्लाइड्सवरून त्यातले ७ भरतात. उरलेल्या २३ चौकोनांत मग दोनपैकी एक खूण करा: «–» म्हणजे हे घडायलाच नको, «?» म्हणजे घडणं शक्य आहे पण स्लाइड गप्प आहे.

| स्थिती | सादर | मंजूर | नाकार | रद्द | ४८ तास संपले |
|---|---|---|---|---|---|
| मसुदा | व्यवस्थापकाकडे | – | – | ? | – |
| व्यवस्थापकाकडे | – | दिवसांनुसार | नामंजूर | रद्द | विभागप्रमुखाकडे |
| विभागप्रमुखाकडे | – | मंजूर | नामंजूर | ? | ? |
| मंजूर | – | – | – | ? | – |
| नामंजूर | ? | – | – | – | – |
| रद्द | – | – | – | – | – |

पाच प्रश्नचिन्हं आली. ती टप्पा २ च्या यादीत जोडून परत पाठवा. मंजूर झालेली रजा कर्मचारी रद्द करू शकतो का? शकत असेल तर शिल्लक परत मिळते का? विभागप्रमुखानेही ४८ तासांत काही केलं नाही तर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर «असं होणार नाही» असं आलं तर ते स्वीकारू नका. विभागप्रमुखही रजेवर जातो.

भरलेले ७ चौकोन म्हणजे किमान ८ टेस्ट केसेस, कारण «दिवसांनुसार» या चौकोनातून दोन वाटा फुटतात.

आता १८ आडव्या रेघा. सगळ्यांच्या टेस्ट केसेस लिहिणं म्हणजे वेळ घालवणं. बटणच नसेल तर मसुद्यातला अर्ज मंजूर करता येतो का हे बघायला स्क्रीनवर नजर टाकली तरी पुरे. पण दोन माणसं एकाच अर्जावर एकाच वेळी असू शकतात अशा रेघा निवडून काढा. रद्द या ओळीतला मंजूरचा चौकोन घ्या. व्यवस्थापकाने अर्ज उघडून ठेवला आहे, तेवढ्यात कर्मचाऱ्याने तो रद्द केला, आणि व्यवस्थापकाच्या जुन्या पानावर मंजूरचं बटण अजून दिसतंय. त्याने ते दाबलं तर? मेलमधल्या लिंकवरून मंजुरी देता येत असेल तर हाच प्रकार काही दिवसांनीही घडू शकतो.

या तक्त्यात एक खोड आहे, आणि ती माहीत नसेल तर सगळ्यात महागडा बग निसटतो: तक्ता घटना दाखवतो, ती कोणी घडवली ते दाखवत नाही. ४८ तास संपून अर्ज विभागप्रमुखाकडे गेला आहे. व्यवस्थापकाचं पान उघडंच होतं आणि त्याने आता मंजूर दाबलं. तक्ता बघितला तर «विभागप्रमुखाकडे» + «मंजूर» = «मंजूर», सगळं नियमाप्रमाणे. प्रत्यक्षात मात्र विभागप्रमुखाने अर्ज बघितलेलाच नाही. म्हणून घटनेच्या नावात कर्ता घाला, «व्यवस्थापक मंजूर करतो» आणि «विभागप्रमुख मंजूर करतो» असे दोन वेगळे रकाने. तक्ता रुंद होतो, होऊ द्या. चित्रात भूमिकांनुसार पट्टे आखलेले असतील तर पट्टा ओलांडणारा प्रत्येक बाण ही हस्तांतराची जागा आहे. तिथे नव्या माणसाला अर्ज दिसतो का आणि जुन्या माणसाचे अधिकार संपले का, या दोन्ही गोष्टी तपासायच्या.

तपासा: तक्त्यात एकही चौकोन कोरा राहिला नाही ना? कोरा चौकोन म्हणजे कोणी विचार केलेला नाही. «–» म्हणजे विचार करून नाही म्हटलं. दोन्हींत फरक आहे.

## टप्पा ४: नियमांचा तक्ता आणि सीमेवरचे आकडे

एकापेक्षा जास्त अटी मिळून निर्णय ठरत असेल तर डिसिजन टेबल करा. इथे तीन अटी आहेत: रजा आजारपणाची आहे का, ३ दिवसांपेक्षा जास्त आहे का, प्रमाणपत्र जोडलं आहे का. हो-नाहीच्या एकूण ८ जोडण्या होतात. आजारपण नसेल तर प्रमाणपत्राने फरक पडू नये. आजारपण असून प्रमाणपत्र नसेल तर अर्ज सादरच होऊ नये, मग दिवस कितीही असोत. अशा ओळी एकत्र केल्या की ५ उरतात.

पण एकत्र करण्याची घाई नको. एक दिवसाच्या आजारपणालाही प्रमाणपत्र लागतं का? स्लाइड म्हणते हो, आणि एका दिवसाच्या तापासाठी तो नियम जरा विचित्र वाटतो. विचित्र वाटणारा नियम पुढे बदलतो. आधी ८ ओळी लिहा, विचारा, मग जोडा. जोडलेल्या ओळींपाशी कोणाच्या होकाराने जोडल्या तेही लिहा.

आता आकडे. «३ दिवसांपेक्षा जास्त» तपासायला पुष्कळ जण २ आणि ५ दिवसांच्या रजा घेतात, एक लहान, एक मोठी. या दोन आकड्यांनी काहीच सिद्ध होत नाही. कोडमध्ये `> 3` असो की `>= 3`, २ दिवसांची रजा थेट मंजूर होते आणि ५ दिवसांची विभागप्रमुखाकडे जाते. चूक असेल तर ती फक्त ३ वर उघडी पडते. म्हणून ३ आणि ४ हे दोन आकडे हवेतच. अर्धा दिवस चालत असता तर ४ च्या जागी साडेतीन आलं असतं.

कामाचे दिवस की कॅलेंडरचे, यासाठीही असाच निवडक डेटा शोधा. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर शुक्रवार ते सोमवारची रजा कॅलेंडरने ४ दिवस, कामाचे मात्र २. चुकीची मोजणी असेल तर हा अर्ज विभागप्रमुखाकडे जाईल, बरोबर असेल तर जाणार नाही. सोमवार ते गुरुवारची रजा घेतली तर दोन्ही मोजण्या ४ देतात आणि चूक लपून राहते. टेस्ट डेटा निवडताना हाच प्रश्न विचारायचा: कोड चुकला असेल तर या आकड्यावर वेगळं उत्तर दिसेल का?

४८ तासांसाठी दोन दिवस थांबायचं नसतं. मुदत सेटिंगमधून कमी करता येईल का, किंवा अर्जाची सादर केल्याची वेळ टेस्ट डेटाबेसमध्ये मागे नेता येईल का, हे डेव्हलपरकडून आधीच ठरवून घ्या. मुदतीचं काम बऱ्याचदा ठराविक वेळाने चालणारा जॉब करतो. तो तासाला एकदा चालत असेल तर ४८ तास पूर्ण झाल्यावरही अर्ज जवळपास तासभर व्यवस्थापकाकडेच दिसू शकतो. तो बग आहे की नाही हे स्लाइड सांगत नाही. अपेक्षित निकालात किती वेळ चालेल ते लिहावं लागेल.

## टप्पा ५: टेस्ट केस लिहा

इतकं झाल्यावर लिहिणं सोपं आहे, म्हणून इथे फक्त एक नमुना.

- क्रमांक: `TC-LV-07`
- आधार: `S3-02`, `S5-03`, प्रश्न ४ चं उत्तर
- पूर्वस्थिती: कर्मचाऱ्याची शिल्लक १० दिवस, दुसरा कोणताही अर्ज प्रलंबित नाही
- डेटा: साधी रजा, सोमवार ते बुधवार, मध्ये सुट्टी नाही
- कृती: कर्मचारी सादर करतो, व्यवस्थापक मंजूर करतो
- अपेक्षित निकाल: स्थिती «मंजूर», विभागप्रमुखाच्या यादीत अर्ज नाही, शिल्लक ७, कर्मचाऱ्याला एकच सूचना

अपेक्षित निकालात «अर्ज व्यवस्थित मंजूर होतो» असं लिहू नका. व्यवस्थित म्हणजे काय, हे चालवणाऱ्याने ठरवायचं का? स्थिती, कोणाच्या यादीत दिसतो, शिल्लक, सूचना, या चार जागी काय दिसलं पाहिजे ते लिहा. «एकच सूचना» मुद्दाम लिहिलं आहे, कारण दोन टप्प्यांच्या मंजुरीत प्रत्येक टप्प्याला मेल जाणं ही नेहमीची गडबड आहे.

सावधान: बिल्ड आधीच उपलब्ध असेल तर ते चालवून बघून अपेक्षित निकाल भरू नका. तसं केलं की टेस्ट केस कधीच फेल होणार नाही, कारण तिने बगलाच बरोबर ठरवलेलं असतं. निकाल स्लाइडवरून किंवा नोंदवलेल्या उत्तरावरून यायला हवा. दोन्हीकडे नसेल तर ती टेस्ट केस अजून तयार नाही, तिला प्रश्नांच्या यादीत परत पाठवा.

## टप्पा ६: दोन्ही बाजूंनी जुळवा

एकदा वाक्यांकडून टेस्ट केसेसकडे जा: कोणत्या क्रमांकाला एकही टेस्ट केस नाही? मग उलट या: कोणत्या टेस्ट केसच्या «आधार» रकान्यात काहीच नाही? पहिली फेरी सगळे करतात, दुसरी क्वचितच. आधार नसलेली टेस्ट केस म्हणजे कोणाचा तरी अंदाज. तो चांगलाही असू शकतो. तसं असेल तर त्याचा प्रश्न करा, उत्तर मिळवा आणि मगच ठेवा.

`S3-01` सारख्या वाक्याला, म्हणजे «कर्मचारी अर्ज सादर करू शकेल», दहा-बारा टेस्ट केसेस चिकटलेल्या दिसतात आणि ४८ तासांच्या वाक्याला एकच. असं दिसलं तर संख्येवर समाधान मानू नका. सोपं आहे तिथे गर्दी झाली आहे.

## डेक बदलला तर

बदलतोच. नवा डेक आला की पहिल्यापासून वाचत बसू नका आणि «फक्त स्लाइड ५ बदलली आहे» या निरोपावरही विसंबू नका. मजकुरासाठी पॉवरपॉइंटच्या `Review` टॅबमधलं `Compare` वापरा. चित्रासाठी मात्र नव्या चित्रावरून तक्ता पुन्हा भरा आणि जुन्या तक्त्याशेजारी ठेवा. नामंजूर अर्ज पुन्हा सादर करता येईल असा एक बाण वाढला आहे असं समजा. चित्रात तो छोटासा दिसतो. तक्त्यात एका प्रश्नचिन्हाच्या जागी «व्यवस्थापकाकडे» आलं, आणि आता अर्ज त्याच वाटेने दुसऱ्यांदा फिरू शकतो. मग ४८ तास पहिल्या सादरीकरणापासून मोजायचे की दुसऱ्या? जुनं प्रमाणपत्र तसंच राहतं की पुन्हा जोडायचं? अर्ज मुळात विभागप्रमुखाने नाकारला असेल तर तो परत व्यवस्थापकाकडून सुरू होतो का? एका बाणाने तीन प्रश्न आले. त्यांची उत्तरं येईपर्यंत ज्या टेस्ट केसेसच्या आधारात त्या चौकोनाचा क्रमांक आहे, त्या सगळ्यांवर «थांबवलेली» अशी खूण करा, म्हणजे कोणी जुन्या निकालावर त्या पास करून टाकणार नाही.